लग्न डिसेंबरात, व्हिसाचा अर्ज ऑक्टोबरात: नवऱ्याला नंतर बोलावताना अडचण येईल का?

नीलमोहर

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांच्या कोर्सवर्क मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. कोर्स फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो. साखरपुडा झालाय, लग्न १० डिसेंबरला ठरलंय. स्टुडंट व्हिसाचा अर्ज ऑक्टोबरात करायचा विचार आहे, म्हणजे त्या वेळी मी कागदोपत्री अविवाहितच असेन.

होणारा नवरा नोकरी करतो. सुरुवातीला मी एकटी जाणार आणि तो चार-सहा महिन्यांनी डिपेंडंट म्हणून येणार, असं डोक्यात आहे. एजंट म्हणतो, "आत्ता लग्नाचा विषयच काढू नका, फाइल साधी ठेवा, नंतर बघू." हे मनाला पटत नाहीये. आत्ता काही सांगितलं नाही तर पुढे त्याचा व्हिसा अडतो का? की आधी रजिस्टर लग्न करून टाकावं? आणि इतके महिने लांब राहणं व्यवहारात कसं जमवतात, तेही जाणकारांनी सांगावं.

दुपारची_गाडी

साखरपुडा झालेल्यांसाठी ऑस्ट्रेलियाचा वेगळा व्हिसा आहे, प्रॉस्पेक्टिव्ह मॅरेज, सबक्लास ३००. त्यात लग्नाआधीच जोडीदाराला बोलावता येतं आणि लग्न तिथे जाऊन करता येतं. तुम्ही तो बघा, डिपेंडंटच्या भानगडीत पडायलाच नको.

उत्तरवाट

दुपारची_गाडी, ३०० खरंच आहे, पण बोलावणारी व्यक्ती ऑस्ट्रेलियाची नागरिक, कायमची रहिवासी किंवा पात्र न्यूझीलंड नागरिक असावी लागते. विद्यार्थ्याला तो व्हिसा प्रायोजित करता येत नाही, तेव्हा नीलमोहर यांच्या उपयोगाचा नाही.

नीलमोहर, तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाच्या दोन तारखा आहेत: लग्नाची तारीख आणि व्हिसा मंजूर झाल्याची तारीख. अर्ज कधी केला याला त्यामानाने कमी महत्त्व.

स्टुडंट व्हिसाचा, म्हणजे सबक्लास ५०० चा नियम असा की अर्ज करताना कुटुंबात जे कोणी आहेत त्या सगळ्यांची माहिती द्यायची, ते बरोबर येणार असोत वा नसोत. नवरा किंवा बायको असूनही त्यांचं नाव अर्जात दिलं नाही, तर त्या व्हिसावर त्यांना नंतर डिपेंडंट म्हणून आणता येत नाही. आता अर्ज करताना लग्न झालेलं नाही, पण निर्णय यायच्या आत झालं, तर ती माहिती निर्णयाआधी होम अफेअर्सला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी खात्याला कळवायची. तीही कळवली नाही तर परिणाम तोच. आणि व्हिसा मंजूर झाल्यानंतर लग्न झालं तर तो माणूस आधी कुटुंबात नव्हताच, म्हणून न सांगितल्याचा ठपका येत नाही आणि नंतर त्याचा अर्ज करता येतो.

आता तुमच्या तारखा यात बसवून बघा. समजा १५ ऑक्टोबरला अर्ज केला. अर्जात रिलेशनशिप स्टेटसला Engaged हा पर्याय असतो, तोच निवडायचा. होणारा नवरा अजून कुटुंबाचा सदस्य ठरत नाही, त्यामुळे तिथे त्याला नवरा म्हणून दाखवायचं नाही. इथवर सगळं सरळ आहे.

पहिली शक्यता, २५ नोव्हेंबरला व्हिसा आला आणि १० डिसेंबरला लग्न झालं. अडचण नाही.

दुसरी शक्यता, १० डिसेंबरला लग्न झालं आणि अर्ज अजून प्रलंबित आहे. तुम्ही म्हणाल, विवाह नोंदणीचा दाखला हातात आला की कळवू. दाखला २२ तारखेला मिळतो, पण व्हिसा १४ तारखेलाच येऊन पडतो. आता लग्न मंजुरीच्या आधीचं आणि खात्याला माहीत नाही. पुढे जुलैत नवऱ्याचा अर्ज टाकाल तेव्हा अधिकारी दाखल्यावरची १० डिसेंबर ही तारीख तुमच्या ग्रँट लेटरच्या १४ डिसेंबरशी ताडून बघेल आणि अर्ज तिथेच अडेल. लोक नेमके या चार दिवसांत अडकतात, आणि कळतं ते सहा महिन्यांनी.

म्हणून लग्नाच्या दिवशी अर्ज प्रलंबित असेल तर दाखल्याची वाट बघू नका. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ImmiAccount या व्हिसा अर्जाच्या ऑनलाइन खात्यात तुमचा अर्ज उघडून Update us मधून परिस्थिती बदलल्याची नोंद करा. त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, नागरिकत्व, पासपोर्ट नंबर, लग्नाची तारीख आणि तो सध्या बरोबर येत नाही हे लिहा. दाखला मिळाला की मागून जोडा. नोंद पाठवल्याचं पान पीडीएफ करून ठेवा, पुढे तेच तुमचा पुरावा.

एजंटचं "फाइल साधी ठेवा" या बाबतीत घातक आहे. लग्न ठरलंय हे सांगितल्याने व्हिसा नाकारला जात नाही. लपवल्याचं उघड झालं तर मात्र चुकीची माहिती दिल्याचा प्रश्न येतो आणि तो नवऱ्यापुरता न राहता तुमच्या स्वतःच्या व्हिसावर येतो.

पाटीपेन्सिल

इतका त्रास घेण्यापेक्षा यूके बघा ना. एका वर्षाचं मास्टर्स, जोडीदाराला बरोबर नेता येतं आणि त्याला पूर्णवेळ काम करता येतं. ओळखीतले बरेच जण असेच गेलेत.

उत्तरवाट

तुमच्या ओळखीतले २०२४ च्या आधी गेले असतील. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या कोर्सेसना तिथे शिकवण्यावर आधारलेल्या मास्टर्ससाठी डिपेंडंट नेता येत नाही. पीएचडी, संशोधनाधारित उच्च पदवी किंवा सहा महिन्यांहून मोठ्या कोर्ससाठी सरकारी शिष्यवृत्ती असेल तरच. आणि लोकांच्या लक्षात न येणारी पुढची गोष्ट म्हणजे शिक्षण संपल्यावरच्या ग्रॅज्युएट व्हिसावरही नवा डिपेंडंट जोडता येत नाही. जो आधीपासून तुमच्या स्टुडंट व्हिसावर डिपेंडंट होता तोच पुढे चालू राहतो. म्हणजे कोर्सचं एक वर्ष लांब राहू असा हिशोब केला तर तो चुकतो. स्किल्ड वर्कर व्हिसा मिळेपर्यंत जोडीदाराला डिपेंडंट म्हणून येताच येत नाही.

पाटीपेन्सिल

हे माहीत नव्हतं. कॅनडाचं तरी अजून चालू आहे ना?

उत्तरवाट

चालू आहे, पण आवळलंय. २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन वर्क परमिट हवं तर कोर्स किमान १६ महिन्यांचं मास्टर्स, डॉक्टरेट किंवा ठरावीक व्यावसायिक पदव्यांपैकी असावा लागतो. कॉलेजचा डिप्लोमा किंवा १२ महिन्यांचं मास्टर्स असेल तर नाही. ऑफर लेटरवर कोर्सचा कालावधी काय छापलाय ते आधी बघायचं.

नीलमोहर

उत्तरवाट, मनापासून आभार. ते चार दिवसांचं गणित वाचून पोटात गोळा आला.

मग असं केलं तर? सप्टेंबरातच रजिस्टर लग्न करायचं, अर्जात विवाहित लिहायचं, आणि डिसेंबरात घरचा सोहळा. म्हणजे तारखांची टांगती तलवारच नाही. यात काही अडचण?

खडूफळा

व्हिसाच्या बाजूने हा स्वच्छ मार्ग आहे. नोंदणीच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण याच कामात असतो.

स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी किमान तीस दिवस राहत असला पाहिजे. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस तीन महिने चालते, त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस लग्न हवं तर ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नोटीस गेलीच पाहिजे. ती नोटीस कार्यालयात लावली जाते, तेव्हा "कोणाला कळू न देता उरकू" हा विचार असेल तर आधी घरच्यांशी बोलून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धार्मिक विधीने लग्न करून नंतर नोंदणी केली तर दाखल्यावर दोन तारखा येतात, एक विवाहाची आणि एक नोंदणीची. व्हिसाला विवाहाची तारीख लागते. पुष्कळ जण नोंदणीची तारीख हीच लग्नाची तारीख समजतात आणि "नोंदणी तर व्हिसा आल्यावर केली" म्हणून निर्धास्त राहतात. उत्तरवाट यांनी सांगितलेल्या सापळ्यात शिरायची ही दुसरी वाट आहे. तुम्ही सप्टेंबरात स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न केलंत तर कायद्याने तुमचं लग्न सप्टेंबरातच झालं. डिसेंबरचा सोहळा कितीही मोठा असला तरी अर्जात ती तारीख घालायची नाही. सगळीकडे एकच तारीख.

नावांची अक्षरंही तिथल्या तिथे तपासा. दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, पासपोर्टवर ते नाहीच, आडनावात एखादा a कमी, हे नेहमीचं. दाखला हातात घेतल्यावर खिडकीशीच दोन्ही पासपोर्ट उघडून अक्षर न् अक्षर जुळवा. तिथे लगेच दुरुस्तीला सांगता येतं, नंतर प्रतिज्ञापत्रं आणि फेऱ्या.

वाळूघड्याळ

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी अमेरिकेत एफ-२ वर आहे, बायको एफ-१ वर पीएचडी करतेय. घरी बसून कंटाळा आलाय. ऑस्ट्रेलियात डिपेंडंटला काम करता येतं असं ऐकलं. अमेरिकेत एफ-२ वर काहीच करता येत नाही का? निदान पूर्णवेळ शिकता तरी येतं का?

उत्तरवाट

एफ-२ वर नोकरी नाही, कुठल्याच प्रकारची नाही. मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळेपेक्षा कमी असा अभ्यास करता येतो. पूर्णवेळ पदवी करायची तर विद्यापीठाकडून स्वतःचं आय-२० हे प्रवेशाचं पत्र मिळवून एफ-१ वर जावं लागतं, एक तर तिथूनच आय-५३९ फॉर्म भरून स्टेटस बदलायचं किंवा बाहेर जाऊन नवा व्हिसा घ्यायचा. तिथूनच बदलणार असाल तर मंजुरी येईपर्यंत पूर्णवेळ वर्ग सुरू करू नका. यापुढचं वेगळ्या धाग्यात विचारलंत तर बरं, इथे नीलमोहर यांचं मागे पडेल.

नीलमोहर, डिपेंडंटच्या कामाबद्दल. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्याला सत्र चालू असताना दर पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. डिपेंडंटलाही साधारण तेवढंच, पण मुख्य विद्यार्थी मास्टर्स किंवा डॉक्टरेट करत असेल तर जोडीदाराला तासांची मर्यादा नाही. तुमचं मास्टर्स आहे, म्हणजे नवरा पूर्णवेळ नोकरी करू शकेल. अट एकच, तुमचा कोर्स प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत त्याने काम सुरू करायचं नाही. तो तुमच्याबरोबर १० फेब्रुवारीला पोचला आणि कोर्स २४ ला सुरू असेल तर मधले दोन आठवडे काम नाही, एखादी ट्रायल शिफ्टही नाही.

शिक्षणाच्या बाजूने मात्र डिपेंडंट तीन महिन्यांपेक्षा जास्त शिकू शकत नाही. त्याच्या मनात स्वतःचं मास्टर्स असेल तर त्याने स्वतंत्र स्टुडंट व्हिसाच घ्यावा.

चिंचोके

दोघांनीही शिकायचं असेल तर दोन वेगळे व्हिसे बरे की एकावर दोघं?

उत्तरवाट

दोघं शिकणार तर दोन वेगळे. खर्च वाढतो, कारण दोघांची फी आणि दोघांचा स्वतंत्र निधी दाखवायचा, आणि दोघांनाही ४८ तासांची मर्यादा. पण एकाचा व्हिसा दुसऱ्याच्या पायावर उभा राहत नाही. डिपेंडंटच्या बाबतीत मुख्य विद्यार्थ्याचा व्हिसा रद्द झाला, उदाहरणार्थ कोर्स सोडला म्हणून, की डिपेंडंटचाही आपोआप जातो. आणि नातं तुटलं तर डिपेंडंट राहण्याचं कारणच संपतं. लग्नाच्या तोंडावर हे बोलणं कोणाला आवडत नाही, पण जो आपली नोकरी सोडून दुसऱ्याच्या व्हिसावर जाणार आहे त्याला हे आधी माहीत असायलाच हवं.

वेगळे व्हिसे असले तरी दोघांनी आपापल्या अर्जात एकमेकांना जोडीदार म्हणून दाखवायचंच, ते विसरू नका.

नीलमोहर

तो शिकणार नाही, नोकरीच करणार आहे. पैशाचं सांगाल का? दोघांचा एकत्र अर्ज केला तर किती दाखवावं लागेल आणि तो नंतर आला तर किती?

उत्तरवाट

१० मे २०२४ पासूनचे आकडे असे: विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या राहण्याखाण्याला २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर आणि जोडीदाराला १०,३९४. दोघांचे मिळून ४०,१०४. शिवाय पहिल्या वर्षाची फी, त्यातली जी भरलेली असेल ती वजा, आणि प्रवासखर्च. आकडे बदलत असतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी होम अफेअर्सच्या साइटवर पुन्हा बघून घ्या.

तो सध्या येणार नसेल आणि फक्त त्याचं नाव दिलं असेल तर तुमच्या अर्जाला तुमच्यापुरताच निधी. त्याच्या अर्जाच्या वेळी त्याचा खर्च भागतो हे नव्याने दाखवायचं. इथे एक नेहमीची चूक होते. पहिल्या अर्जाला दाखवलेलं शैक्षणिक कर्ज तोवर फीमध्ये संपत आलेलं असतं आणि नवऱ्याच्या अर्जाला तेच मंजुरीपत्र पुन्हा जोडलं जातं. अधिकाऱ्याला शिल्लक किती ते कळत नाही, मग आणखी कागद मागवतात आणि महिने जातात. त्याच्या नावावरची बचत आधीपासून वेगळी ठेवा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी मोठी रक्कम खात्यात आणली तर ती कुठून आली हे सांगावं लागतं.

नंतरच्या अर्जाला तुमच्याकडून फॉर्म ९१९ लागतो, ज्यात तुम्ही त्याला आपला कुटुंबीय म्हणून नामनिर्देशित करता. तुमचा सीओई, म्हणजे कोर्सला नाव नोंदल्याचं विद्यापीठाचं पत्र, हजेरी किंवा निकालाचा कागद, विवाह दाखला आणि नात्याचे पुरावे त्याबरोबर. तुमचा आरोग्य विमा आत्ता एकटीचा असेल, तो जोडप्याचा करून घ्या आणि त्याची मुदत व्हिसाच्या मुदतीइतकी ठेवा. त्याचा व्हिसा तुमच्या व्हिसाबरोबरच संपतो, त्यामुळे जितका उशीर तितका तोच खर्च करून कमी महिने मिळतात. दोन वर्षांच्या कोर्समध्ये वर्षभराने बोलावायचं असेल तर हा हिशोब आधी कागदावर मांडा.

दुपारची_गाडी

मग सोपं आहे की. व्हिजिटर व्हिसावर घेऊन जा आणि तिथे गेल्यावर बदलून घ्या.

उत्तरवाट

१ जुलै २०२४ पासून व्हिजिटर व्हिसावर तिथे असलेल्या माणसाला तिथूनच स्टुडंट व्हिसाचा अर्ज करता येत नाही. भेटायला जायचं तर व्हिजिटर व्हिसा ठीक, पण त्यावर काम नाही. त्याच्या भरवशावर नोकरीचा राजीनामा देऊ नये.

कौलारू

कागदांचं उत्तरवाट यांनी नीट सांगितलंय. मी लांब राहण्याबद्दल लिहिते, कारण पुष्कळ जोडपी व्हिसापेक्षा घड्याळात अडकतात.

मेलबर्न किंवा सिडनी असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, बाकी वर्षभर साडेचार. ब्रिस्बेनला बारा महिने साडेचार, तिथे घड्याळ बदलत नाहीत. म्हणजे नीलमोहर फेब्रुवारीत पोचतील तेव्हा साडेपाच तास. तो ऑफिसातून साडेसातला मोकळा होईल तेव्हा त्यांच्याकडे रात्रीचा एक. पहिले दोन आठवडे दोघंही झोप मोडून बोलतात. तिसऱ्या आठवड्यात सकाळी ट्युटोरियल असतं, ती बोलता बोलता झोपते, तो दुखावतो, आणि भांडण प्रेम आहे की नाही इथवर जातं. खरं कारण फक्त झोप असते.

यावर उपाय रात्रीचा कॉल सोडून देणं. त्याची सकाळची साडेसहाची वेळ म्हणजे फेब्रुवारीत तिची दुपारची बाराची. दोघंही जागे, दोघांनाही पुढे काम आहे, म्हणून बोलणं वीस-पंचवीस मिनिटांत आवरतं. आठवड्याला असे तीन कॉल पुरतात. मोठं बोलणं रविवारी, आणि पैसे, सासर-माहेर, राजीनामा असे विषय त्याच दिवशी. एप्रिलमध्ये घड्याळ बदललं की सकाळचा कॉल एक तास सरकवायचा, नाहीतर तो तिच्या वर्गाच्या वेळेवर येतो आणि "हल्ली उचलतच नाहीस" सुरू होतं.

सत्राचं वेळापत्रक त्याच्याकडेही असू द्या. असाइनमेंट जमा करायच्या तारखा आणि परीक्षा त्याने आपल्या कॅलेंडरमध्ये घालाव्यात. ती गप्प का आहे हे त्याला विचारावं लागत नाही.

सुट्टीबद्दल आत्ताच ठरवा. सत्र नसतं तेव्हा विद्यार्थ्याला कामाच्या तासांची मर्यादा नसते. त्यामुळे जूनअखेरीस किंवा नोव्हेंबरनंतर सुट्टी लागली की घरी यायचं की चार आठवडे पूर्णवेळ काम करून पुढच्या सत्राचं भाडं काढायचं, हा पेच दरवर्षी येतो. तो तिकीट काढायला सांगतो, ती शिफ्ट घेऊन बसलेली असते. निघायच्या आधी ठरवा की पहिल्या सुट्टीत कोण कोणाकडे जाणार आणि तिकिटाचे पैसे कोणाच्या खात्यातून जाणार.

चिंचोके

कौलारू, मला वाटतं एवढी कसरत करण्यापेक्षा दोघांनी पहिल्या दिवसापासून बरोबरच जावं. नवीन लग्न, दोघं एकत्र, तो पूर्णवेळ कमावेल, भाड्याची चिंता नाही. लांब राहून काय मिळतं?

कौलारू

प्रत्येकाचं वेगळं असेल. बरोबर गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत काय होतं तेवढं सांगते. विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या भाड्याच्या खोल्या बहुतेक एकट्यासाठी असतात, घरमालक जोडप्याला खोली देत नाहीत किंवा भाडं वाढवतात. पूर्ण फ्लॅट घ्यायचा तर उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि तेव्हा दोघांपैकी कोणाचंच उत्पन्न सुरू झालेलं नसतं. ती दिवसभर विद्यापीठात, तिला ओळखी होतात. तो घरी बसून अर्ज पाठवत राहतो. चांगला पगार सोडून आलेल्या माणसाला मिळेल ते काम घ्यावं लागतं तेव्हा त्रास होतो, आणि तो बोलून दाखवत नाही. ती आधी जाऊन घर, परिसर, त्याच्या क्षेत्रातल्या नोकऱ्या बघून ठेवते तेव्हा हा काळ कमी होतो. म्हणून मी चार-सहा महिन्यांच्या अंतराच्या बाजूने आहे. पण त्याच्या कंपनीचं तिथे ऑफिस असेल किंवा नोकरी आधीच पक्की असेल तर बरोबर जाणं चांगलं.

चिंचोके

मला अजूनही पटत नाही. सहा महिने म्हणता म्हणता व्हिसाच्या रांगेत वर्ष होतं.

उत्तरवाट

चिंचोके यांचा मुद्दा खरा आहे. नंतरच्या अर्जाला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं. त्याने राजीनामा व्हिसा हातात आल्यावरच द्यावा, आणि नोटीस पीरियड किती ते धरून प्रवासाची तारीख ठरवावी.

या महिन्यांतला पुरावा आपोआप तयार होत असतो, फक्त जपायचा. कॉलच्या नोंदी, एकमेकांना पाठवलेले पैसे, तो भेटायला आला तर तिकीट आणि बोर्डिंग पास, लग्नाची पत्रिका, दोन्हीकडच्या माणसांबरोबरचे फोटो. डिसेंबरात लग्न, फेब्रुवारीत बायको परदेशी आणि मार्चमध्ये त्याचा अर्ज, अशी फाइल असेल तर अधिकारी लग्नाआधीच्या ओळखीचेही पुरावे बघतो. साखरपुड्याचे फोटो, त्याआधीचे मेसेज काढून ठेवा. फोटो चाळीसऐवजी दहा द्या, पण प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि बरोबर कोण आहे ते लिहा.

नीलमोहर

घरी बोलले. सप्टेंबरात रजिस्टर लग्न करायला त्याच्या घरच्यांची तयारी नाही, त्यांना विधी झाल्याशिवाय लग्न मान्य नाही. त्यामुळे ऑक्टोबरात Engaged म्हणून अर्ज, आणि लग्नाच्या रात्री अर्ज प्रलंबित असेल तर लगेच नोंद, असं ठरतंय. व्हिसा आधीच आला तर काही कळवायचं नाही ना?

उत्तरवाट

तरीही कळवायचं. व्हिसा मंजूर होताना तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या बाहेर असाल, तर तिथे पोचून इमिग्रेशन पार होईपर्यंत अर्जातल्या उत्तरांमध्ये झालेले बदल सांगण्याची जबाबदारी तुमचीच असते. नोव्हेंबरात व्हिसा आला आणि डिसेंबरात लग्न झालं तर विमानात बसण्याआधी तेवढं कळवा. त्याने त्याचा मार्ग बंद होत नाही, उलट पुढच्या अर्जात तुमची तारीख आधीपासून नोंदलेली दिसते.

खडूफळा

आणि नावाचं. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदलायची घाई करू नका. व्हिसा तुमच्या सध्याच्या पासपोर्ट नंबरशी जोडलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत नवीन पासपोर्ट काढला तर नंबर बदलतो, आणि ते ImmiAccount मध्ये अद्ययावत केलं नाही तर विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर तुमचा व्हिसा दिसतच नाही. सीओई, विमा, बँकेचं कर्ज, गुणपत्रिका सगळं जुन्या नावावर राहतं. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि विवाह दाखला एवढ्यावर नवऱ्याचा डिपेंडंट अर्ज होतो, बायकोचं आडनाव बदललेलं असण्याची अट कुठेच नाही.

नीलमोहर

आडनाव बदलायचं नाहीच ठरलंय. एक राहिलं. समजा त्या चार दिवसांत अडकलोच, कळवायच्या आधीच व्हिसा आला, तर मग काहीच मार्ग नाही?

उत्तरवाट

त्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून नाही. त्याला स्वतःच्या कोर्ससाठी स्वतंत्र स्टुडंट व्हिसा मागता येतो. किंवा तुम्ही पुढे नवीन व्हिसाचा अर्ज कराल, समजा कोर्स संपल्यावर टेम्पररी ग्रॅज्युएटचा, सबक्लास ४८५ चा, तेव्हा त्यात त्याला सुरुवातीपासून जोडता येतं. म्हणजे दोन वर्षं लांब. म्हणून लग्नाच्या आधीच ती नोंद अर्धी भरून तयार ठेवा, त्याचा पासपोर्ट स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा, आणि ImmiAccount चा पासवर्ड तुमच्याकडे आहे की फक्त एजंटकडे, ते आजच तपासा. एजंटच्या खात्यातून अर्ज गेलेला असेल तर तुम्हाला रात्री नोंद करता येणार नाही. तसं असेल तर १० डिसेंबरला संध्याकाळी त्याच्याकडून नोंद जाईल आणि पाठवल्याचा पीडीएफ तुम्हाला मिळेल, हे त्याच्याकडून ईमेलवर लिहून घ्या.